बदकांची शिकार आणि न्यायमूर्तींची दोस्ती

न्यायाधीशाने मित्राचा खटला ऐकू नये, हे कुणालाही पटतं. त्यासाठी कायदा शिकावा लागत नाही. अडचण त्याच्या पुढे सुरू होते. मित्र म्हणायचं कुणाला? एखादा खटला मित्राचा आहे असं कधी म्हणायचं? आणि हे सगळं ठरवायचं कुणी? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातले न्यायमूर्ती ॲन्टोनिन स्कॅलिया यांनी मार्च २००४ मध्ये या प्रश्नांवर एकवीस पानांचं निवेदन लिहिलं. न्यायाधीश खटल्यातून बाजूला होतो किंवा व्हायला नकार देतो, तेव्हा बहुतेक वेळा एक ओळही लिहीत नाही. स्कॅलियांनी मात्र सगळं कागदावर मांडलं. म्हणूनच त्यांचा निष्कर्ष मला पटत नसला, तरी या विषयावर बोलताना मी नेहमी त्याच निवेदनापासून सुरुवात करतो.

आधी मूळ खटला पाहू. २००१ साली जॉर्ज बुश राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी देशाचं ऊर्जा धोरण ठरवण्यासाठी एक गट नेमला. त्याचे प्रमुख होते उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी. कागदोपत्री या गटात फक्त सरकारी मंडळी होती. अमेरिकेत एक कायदा आहे, त्यानुसार सरकारी सल्लागार समितीत बाहेरची माणसं सदस्य असतील तर तिच्या बैठका आणि कागदपत्रं लोकांना खुली करावी लागतात. समिती फक्त सरकारी लोकांची असेल तर हे बंधन नाही. सिएरा क्लब ही पर्यावरणवादी संस्था आणि ज्युडिशियल वॉच ही उजव्या विचारांची संस्था, अशा एरवी एकमेकांकडे न फिरकणाऱ्या दोन संस्था कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं असं की, तेल आणि वीज कंपन्यांची माणसं या गटाच्या कामात इतकी गुंतलेली होती की ती प्रत्यक्षात सदस्यच होती, तेव्हा कागद दाखवा. चेनींच्या बाजूने उत्तर आलं की, राष्ट्राध्यक्षांना सल्ला कुणी आणि कसा दिला याची चौकशी कोर्टाला करता येणार नाही. खालच्या कोर्टाने काही माहिती देण्याचा आदेश दिला. अपील कोर्टाने जुलै २००३ मध्ये त्यात हात घालायला नकार दिला. चेनी सुप्रीम कोर्टात गेले आणि १५ डिसेंबर २००३ रोजी सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायचं ठरवलं.

त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, ५ जानेवारी २००४ला, स्कॅलिया आणि चेनी एकाच सरकारी विमानातून लुईझियानात बदकांच्या शिकारीला गेले.

दोघांची ओळख जुनी. १९७०च्या दशकात जेराल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष असताना स्कॅलिया न्याय खात्यात होते आणि चेनी व्हाइट हाउसमध्ये. स्कॅलिया दरवर्षी लुईझियानातल्या एका उद्योजकाकडे शिकारीला जात. हा माणूस तेलविहिरींना लागणाऱ्या सेवा पुरवण्याच्या धंद्यात होता. त्याला चेनींना भेटायची इच्छा होती, म्हणून स्कॅलियांनी २००३ साली त्याच्या वतीने चेनींना आमंत्रण दिलं. चेनींनी ते स्वीकारलं आणि उलट सुचवलं की, माझ्या विमानात जागा असेल तर तुम्हीही चला. स्कॅलिया, त्यांचा मुलगा आणि जावई असे तिघं त्या विमानाने गेले. चेनी दोन दिवसांनी परतले, स्कॅलिया मागे राहिले. लॉस एंजेलिस टाइम्सने ही बातमी फोडली तेव्हा स्कॅलियांनी त्या वर्तमानपत्राला उत्तर पाठवलं, त्यात शिकार अगदीच वाईट झाल्याची तक्रारही होती. यजमानाने इतकी कमी बदकं पस्तीस वर्षांत पाहिली नव्हती म्हणे.

पुढे एका महाविद्यालयात भाषणानंतर कुणीतरी हाच विषय काढला, तेव्हा स्कॅलियांनी खटल्याबद्दल दोन वाक्यं बोलून शेवटी बदकासारखा आवाज काढला. माणूस विनोदी होता, यात शंका नाही. पण एव्हाना देशातल्या बहुतेक मोठ्या वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहून त्यांना बाजूला व्हायला सांगितलं होतं. २३ फेब्रुवारीला सिएरा क्लबने रीतसर अर्ज केला की, न्यायमूर्ती स्कॅलियांनी या खटल्यात बसू नये.

हा अर्ज गेला कुणाकडे? सुप्रीम कोर्टाने १ मार्चला छोटासा आदेश काढला आणि जुन्या प्रथेप्रमाणे तो अर्ज खुद्द स्कॅलियांकडे सोपवला. उरलेले आठ न्यायमूर्ती त्यावर बसले नाहीत. सरन्यायाधीश विल्यम रेन्क्विस्ट यांनी तर जानेवारीतच दोन सिनेटरांना कळवलं होतं की, असा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असतो. खालच्या कोर्टातला न्यायाधीश चुकला तर वर दाद मागता येते. इथे वर कुणीच नव्हतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण सगळं त्यावर टेकलेलं आहे. अमेरिकेत पूर्वीच्या कायद्यात अशी भाषा होती की, स्वतः न्यायाधीशाच्या मते खटल्यात बसणं अयोग्य असेल तर त्याने बसू नये. १९७४ मध्ये ही भाषा बदलली. नवा नियम असा की, ज्या खटल्यात न्यायाधीशाच्या निःपक्षपातीपणावर वाजवी शंका घेता येईल, त्यातून त्याने बाजूला व्हायचं. फरक लहान दिसतो, पण आहे मोठा. आधी न्यायाधीश आपल्या मनात डोकावून उत्तर देत होता. आता त्याला खुर्चीतून उठून समोरच्या बाकावर बसायचं आणि तिथून आपण कसे दिसतो ते पाहायचं आहे. मनात पक्षपात नाही एवढं पुरत नाही, तसा तो दिसताही कामा नये. गंमत म्हणजे १९९४ मधल्या एका निकालात हेच तत्त्व अगदी ठसठशीत शब्दांत मांडणारे न्यायमूर्ती स्कॅलियाच होते.

१८ मार्चला त्यांचं निवेदन आलं आणि त्यांनी बाजूला व्हायला नकार दिला. त्यातले दोन युक्तिवाद मला महत्त्वाचे वाटतात. बाकीचा पुष्कळ भाग सहलीच्या तपशिलांत गेला आहे. तिथे तेराएक शिकारी होते, बदकांची वाट पाहत लपायच्या आडोशात आपण आणि चेनी कधीच एकत्र नव्हतो, खटल्याविषयी अक्षरही निघालं नाही, आणि परतीचं तिकीट घेताना जाण्या-येण्याचंच स्वस्त पडलं म्हणून तेच घेतलं, त्यामुळे विमानप्रवासात आपले पैसेही वाचले नाहीत. हे सगळं खरं मानायला माझी हरकत नाही. विमान प्रवासासाठी माणूस विकला जातो असं वाटत असेल तर देशाची अवस्था फारच बिकट आहे, असंही त्यांनी उपरोधाने म्हटलं. पण स्कॅलिया विकले गेले असं अर्जदारही म्हणत नव्हते. जो आरोप झालाच नाही, तो खोडायला त्यांनी बरीच पानं खर्ची घातली.

त्यांचा पहिला खरा युक्तिवाद मात्र जड आहे. मित्राचा पैसा, मालमत्ता किंवा स्वातंत्र्य पणाला लागलं असेल तर न्यायाधीशाने बाजूला व्हायलाच हवं, हे ते मान्य करतात. पण मित्रावरचा दावा केवळ त्याच्या पदामुळे असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडचं उदाहरण घ्या. जमिनीच्या संपादनात कुणी जिल्हाधिकाऱ्यांना प्रतिवादी केलं, तर निकाल विरोधात गेला म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या घरचं काही जात नाही. त्यांची बदली झाली की पुढचा अधिकारी त्या जागी प्रतिवादी होतो. चेनी हरले असते तर त्यांना दंड नव्हता, तुरुंग नव्हता. सरकारी दप्तरातले कागद द्यावे लागले असते, एवढंच. वॉशिंग्टनमध्ये न्यायमूर्ती आणि मंत्री यांची दोस्ती पूर्वीपासून आहे, असं सांगून स्कॅलियांनी जुने दाखले दिले. सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन राष्ट्राध्यक्ष ट्रुमनबरोबर पत्ते खेळत. न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींबरोबर बर्फात स्कीइंगला गेले होते, आणि केनेडींच्या नावावर तेव्हा सुप्रीम कोर्टात प्रकरणं चालू होती. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सोबतीने शनिवार-रविवार घालवला, तेव्हा सरकारचा एक मोठा खटला कोर्टापुढे होता. मैत्रीमुळे बाजूला व्हायचं ठरवलं तर सरकार पक्षकार असलेल्या निम्म्या खटल्यांत बसायला कुणी उरणार नाही, असा त्यांचा रोख.

या दाखल्यांपैकी व्हिन्सन यांचा मला उलटा वाटतो. १९५२ मध्ये ट्रुमन सरकारने पोलाद कारखाने ताब्यात घेतले आणि सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते बेकायदा ठरवलं. ट्रुमनच्या बाजूने असलेल्या तिघांचं विरोधी मत लिहिलं ते व्हिन्सन यांनी. व्हिन्सन यांचं मत प्रामाणिक असेलही. पण पत्त्याच्या डावाची आठवण त्या मताला आजही चिकटून आहे. दिसण्याचा प्रश्न नेमका हाच असतो. आणि पूर्वी लोक करत होते, एवढ्यावर १९७४ नंतरचा नियम भागत नाही. जॅक्सन, व्हिन्सन आणि केनेडींच्या वेळचे व्हाइट हे सगळे जुन्या नियमाच्या काळातले.

पद आणि व्यक्ती वेगळी करण्याचा युक्तिवाद जिल्हाधिकाऱ्यांच्या बाबतीत चालतो, कारण खटला त्यांच्या स्वतःच्या वागण्याबद्दल नसतो. इथे प्रश्न होता की चेनींनी चालवलेल्या गटात खाजगी कंपन्यांना बसवलं होतं का. एन्रॉन ही ऊर्जा कंपनी नुकतीच बुडाली होती आणि तिच्या प्रमुखाची चेनींशी झालेली भेट गाजत होती. नोव्हेंबर २००४ मध्ये निवडणूक होती आणि चेनी पुन्हा उमेदवार होते. दप्तर सरकारी असलं, तरी त्यातून अब्रू जाणार होती ती चेनींची. राजकीय परिणामांचा विचार न्यायाधीशाने करायचा नसतो, असं स्कॅलियांनी यावर म्हटलं. खटल्याचा निकाल देताना ते बरोबर आहे. पण कायद्याने विचारलेलं होतं की बाहेरून बघणाऱ्या समंजस माणसाला शंका येईल का. तो माणूस राजकीय परिणाम पाहणारच.

दुसरा युक्तिवाद सुप्रीम कोर्टाच्या रचनेतून येतो आणि तो मला सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो. तिथे नऊही न्यायमूर्ती एकत्र बसतात. एक उठला तर त्याच्या जागी दुसरा आणता येत नाही. आठ उरले आणि चार-चार झाले, तर खालच्या कोर्टाचा निकाल तसाच कायम होतो. म्हणजे इथे स्कॅलिया उठले असते आणि बरोबरी झाली असती, तर चेनी हरले असते. स्कॅलियांचं म्हणणं, बाजूला होणं हे काही तटस्थ पाऊल नाही, ते अपील करणाऱ्याच्या विरोधात दिलेल्या मतासारखं असतं. त्यामुळे शंका थोडी असेल तर सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तीने बसलंच पाहिजे. यात तथ्य आहे. पक्षकारांना नको असलेला न्यायमूर्ती अर्ज करून हटवता येऊ लागला, तर निकाल आधीच ठरवण्याचं ते हत्यार होईल, ही भीती खोटी नाही.

पण मग त्याच सत्रातलं दुसरं प्रकरण बघा. अमेरिकेतल्या शाळांत मुलं झेंड्यापुढे जी प्रतिज्ञा म्हणतात, त्यातल्या ईश्वराच्या उल्लेखाला मायकेल न्यूडो नावाच्या एका पालकाने आव्हान दिलं होतं. स्कॅलियांनी जानेवारी २००३ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात त्या प्रकरणातल्या खालच्या कोर्टाच्या निकालावर टीका केली. न्यूडोने त्यांना बाजूला व्हायची विनंती केली आणि ऑक्टोबरमध्ये स्कॅलिया काहीही कारण न देता बाजूला झाले. तो खटला आठ न्यायमूर्तींनी ऐकला, आणि चार-चारची धास्ती तिथेही होतीच. एका भाषणामुळे माणूस उठतो आणि एका सहलीमुळे उठत नाही, याचं उत्तर निवेदनात मला सापडलं नाही. कदाचित भाषणात मत बोललं गेलं होतं आणि सहलीत बोललं गेलं नव्हतं, असा फरक त्यांना दिसत असावा. बाहेरच्या माणसाला मात्र भाषण निदान ऐकता येतं. आडोशात काय बोलणं झालं, ते त्याला फक्त न्यायमूर्तींच्या शब्दावर मानावं लागतं.

भारतात ही कसोटी जास्त नेमकेपणाने मांडली गेली आहे, असं माझं मत. रणजित ठाकूर नावाच्या एका जवानाने आपल्या कमांडिंग ऑफिसरविरुद्ध वर तक्रार केली होती. पुढे एका लहानशा आज्ञाभंगासाठी त्याच्यावर लष्करी कोर्ट बसलं आणि त्यात तोच अधिकारी होता. १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कारवाई रद्द केली. न्यायाधीशाने आपलं मन तपासून मी पक्षपाती आहे का असं विचारायचं नाही, तर समोरच्या पक्षकाराच्या मनात काय येईल ते पाहायचं, असा त्या निकालाचा आशय आहे. वैऱ्याच्या बाबतीत जे खरं, ते मित्राच्या बाबतीतही खरं. आपल्याकडे आणखी एक सोय आहे. सुप्रीम कोर्टात दोन, तीन, पाच अशी खंडपीठं असतात, त्यामुळे एक न्यायमूर्ती उठला तर सरन्यायाधीश दुसरा देऊ शकतात. स्कॅलियांचा चार-चारचा युक्तिवाद इथे उभाच राहत नाही.

निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा, ही प्रथा मात्र इथेही तीच. न्यायिक नियुक्ती आयोगाच्या खटल्यात एप्रिल २०१५ मध्ये न्यायमूर्ती अनिल दवे आक्षेपानंतर बाजूला झाले. त्यांच्यानंतर आलेल्या न्यायमूर्ती जगदीशसिंह खेहर यांच्यावरही न्यायाधीश निवडणाऱ्या कॉलेजियमचे सदस्य म्हणून आक्षेप आला. त्यांनी नकार दिला, आणि निकालात त्याची कारणं लिहिली. त्याच खंडपीठातल्या न्यायमूर्ती मदन लोकुर यांनी स्वतंत्रपणे लिहिलं की, या बाबतीत काही कार्यपद्धती ठरवायला हवी.

चेनींच्या खटल्याची सुनावणी २७ एप्रिल २००४ला झाली, स्कॅलिया खंडपीठावर बसले. २४ जूनला निकाल आला. सात विरुद्ध दोन मतांनी कोर्टाने प्रकरण अपील कोर्टाकडे परत पाठवलं आणि राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या अधिकारांचा नीट विचार करायला सांगितलं. स्कॅलिया नसते तरी सहा विरुद्ध दोन झाले असते. म्हणजे ज्या बरोबरीच्या भीतीने ते बसले, ती आलीच नाही. बाजूला झाले असते तर चेनींचं काहीच बिघडलं नसतं, आणि एकवीस पानांची गरजही पडली नसती. अर्थात हे मार्चमध्ये त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. मात्र स्कॅलिया आणि क्लॅरेन्स थॉमस या दोघांनी बाकीच्या पाचांपेक्षा पुढे जाऊन, चेनींच्या अधिक फायद्याचा निकाल द्यावा असं स्वतंत्र मत दिलं. त्यांच्या एकूण विचारसरणीशी ते सुसंगतच होतं. शिकारीला गेले नसते तरी ते असंच म्हणाले असते, असं मला मनापासून वाटतं. पण हे वाक्य मला लिहावं लागतं आहे, आणि थॉमस यांच्याबद्दल लिहावं लागत नाही.

मे २००५ मध्ये अपील कोर्टाने एकमताने दोन्ही संस्थांचे दावे फेटाळण्याचा आदेश दिला आणि ते कागद या खटल्यातून बाहेर आले नाहीत. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने स्वतःसाठी लेखी आचारसंहिता केली ती थेट १३ नोव्हेंबर २०२३ रोजी. वाजवी शंकेचा नियम तिच्यात आहे, आणि न्यायमूर्तीच्या जागी दुसरा आणता येत नाही हा स्कॅलियांचा मुद्दाही तिच्या टिपणीत आहे. अर्ज आला तर तो कुणी ठरवायचा, याचं उत्तर तिने बदललेलं नाही. तो आजही त्याच न्यायमूर्तीकडे जातो.